तीन महिन्यांत महाग, वर्षभरात परवडणारं

2017 सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्या एका मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे निष्कर्ष छापून आले. त्यातला एक आकडा पैसे देणाऱ्या कोणत्याही संस्थेला विचारात पाडणारा होता. या कार्यक्रमातून निरोगी आयुष्याचं एक वर्ष पदरात पाडून घ्यायला 9,333 आंतरराष्ट्रीय डॉलर खर्च येतो, असा तो हिशेब. त्याच वर्षी ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये दुसरा निबंध आला. रुग्ण तेच, समुपदेशक तेच, आरोग्य केंद्रंही तीच. या वेळचा निष्कर्ष मात्र असा होता की, कार्यक्रमामुळे लोकांची तब्येत सुधारली आणि आरोग्यव्यवस्थेचा एकूण खर्च वाढण्याऐवजी कमीच झाला.

दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. पहिला तीन महिन्यांचा हिशेब होता, दुसरा बारा महिन्यांचा. देणगीदार, सीएसआर समित्या आणि सरकारी खाती हल्ली प्रत्येक प्रकल्पाकडे ‘खर्चाच्या मानाने परिणाम किती’ असं विचारतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रश्नाचं उत्तर कसं तयार होतं हे माहीत नसेल, तर पहिला निबंध वाचून चांगला कार्यक्रम नाकारला जाऊ शकतो. म्हणून हा हिशेब एकदा शेवटपर्यंत करून पाहू.

कार्यक्रमाचं नाव ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’. डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने तो आखला. तीव्र नैराश्य असलेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ मिळणं आपल्याकडे दुर्मीळ. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 साली नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 जण उपचारांबाहेर असल्याचं आढळलं होतं. म्हणून संगतने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसं घेतली, त्यांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. ते रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटत, साधारण आठवड्यातून एकदा, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. बाजारात जाणं बंद होतं, शेजारणीशी बोलणं बंद होतं, अंघोळसुद्धा टळते, आणि जितकं सुटत जातं तितकं मन अधिक खचतं. समुपदेशक रुग्णाबरोबर बसून त्यातली छोटी, जमण्यासारखी कामं पुन्हा सुरू करण्याचं नियोजन करत. त्यांच्या बैठकींचं ध्वनिमुद्रण होई आणि समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत, एकमेकांच्या कामाला गुण देत. हे शेवटचं काम वरवर किरकोळ वाटतं, पण गुणवत्ता आणि खर्च दोन्ही तिथे ठरतात, म्हणून ते लक्षात ठेवावं.

ऑक्टोबर 2013 ते जुलै 2015 या काळात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 495 रुग्ण निवडले गेले. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची चाचणी असते. तिच्यात 27 पैकी 14 हून अधिक गुण, म्हणजे चांगलंच तीव्र नैराश्य असलेले हे लोक होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातली सुधारित नेहमीची सेवा मिळाली, दुसऱ्याला तीच सेवा आणि शिवाय समुपदेशन. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशनाच्या गटातल्या 64 टक्के लोकांचे गुण 10 च्या खाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. म्हणजे दर शंभर माणसांमागे पंचवीस जास्तीची माणसं नैराश्यातून बाहेर आली.

आता खर्च. समुपदेशकाचा पगार हा त्यातला सहज दिसणारा भाग. त्याचं प्रशिक्षण, बैठका ऐकून गुण देण्यात गेलेले तास, घरी जाण्याचा प्रवास, खोली, छापील साहित्य हे सगळं त्यात यावं लागतं. मग रुग्णाने त्या काळात घेतलेल्या इतर सेवा येतात: डॉक्टरांकडच्या फेऱ्या, औषधं, तपासण्या, दवाखान्यात भरती झाल्याचे दिवस. ही माहिती दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला विचारून गोळा करावी लागते, कारण कार्यक्रमाचा खरा खर्च म्हणजे दोन गटांच्या एकूण खर्चातला फरक. मानसिक आरोग्याच्या प्रस्तावांत नेमकं हेच राहून जातं. संस्था स्वतःचं अंदाजपत्रक देते आणि रुग्णाच्या इतर खर्चाचं काय झालं ते सांगतच नाही. गोव्यातल्या समुपदेशनाचा माणशी खर्च 66 डॉलर निघाला. पण एवढ्यावरून कार्यक्रम परवडतो की नाही ते ठरत नाही.

परिणामाची बाजू अधिक नाजूक आहे. पीएचक्यू-9 चे गुण कमी झाले एवढ्याने पैसे देणाऱ्याचं भागत नाही. त्याच्यासमोर क्षयरोगाचा, मोतीबिंदूचा, बालमृत्यूचा असेही प्रस्ताव असतात, आणि सगळ्यांना लागू पडेल असं एक माप त्याला हवं असतं. म्हणून आरोग्य अर्थशास्त्रात ‘क्वाली’ हे एकक वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेत काढलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. आजारात काढलेल्या वर्षाचं मोल त्याहून कमी, किती कमी ते आजाराच्या तीव्रतेवर ठरतं. दोन गटांच्या खर्चातल्या फरकाला दोन गटांच्या क्वालीतल्या फरकाने भागलं की एक जास्तीची क्वाली कितीला पडली ते कळतं. यालाच वाढीव खर्च-परिणाम गुणोत्तर म्हणतात. 9,333 हा आकडा असा आला.

तो इतका मोठा का, हे समजून घ्यायला मी कागदावर एक ढोबळ गणित मांडतो. संशोधकांचं गणित याहून बारीक होतं. माझ्यापुरतं असं धरू की तीव्र नैराश्यातल्या वर्षाचं मोल निरोगी वर्षापेक्षा 0.3 ने कमी आहे. शंभर माणसांच्या समुपदेशनाचा खर्च 6,600 डॉलर. पंचवीस जास्तीची माणसं बरी झाली, म्हणजे एका जास्तीच्या बऱ्या झालेल्या माणसामागे 264 डॉलर. इथपर्यंत आकडा कोणालाही पटावा असाच आहे. पण क्वालीत वेळ मोजली जाते. तीन महिने म्हणजे पाव वर्ष, आणि ही माणसं पहिल्याच दिवशी बरी झालेली नाहीत, हळूहळू सावरली. म्हणून त्या पाव वर्षाचाही निम्माच लाभ धरायचा. पाव गुणिले निम्मा गुणिले 0.3, म्हणजे माणशी 0.0375 क्वाली. पंचवीस माणसांची मिळून एक क्वालीसुद्धा भरत नाही, 0.94 होते. त्यामागे 6,600 डॉलर म्हटल्यावर एक क्वाली सुमारे 7,000 डॉलरना पडली. संशोधकांच्या आकड्याच्या आपण बरेच जवळ आलो.

सगळा खर्च पहिल्या तीन महिन्यांत होऊन गेला, आणि लाभ मोजणं मात्र माणूस सावरला त्याच क्षणी थांबवलं. आंब्याचं कलम लावून पहिल्याच वर्षी फळांचा हिशेब मागावा तसंच हे झालं.

आता घड्याळ पुढे नेऊ. बारा महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले 63 टक्के लोक नैराश्याबाहेर होते, दुसऱ्या गटातले 48 टक्के. दोन गटांतलं अंतर पंचवीसवरून पंधरावर आलं. नैराश्य काहींच्या बाबतीत आपोआपही ओसरतं, त्यामुळे दुसरा गट थोडा वर सरकला होता. लक्षणांच्या तीव्रतेतला फरकही घटला होता. परिणाम विरला असंही कोणी म्हणू शकेल. पण क्वाली मोजताना वर्षाच्या शेवटी अंतर किती उरलं एवढंच पाहायचं नसतं. मधल्या नऊ महिन्यांत किती माणसांनी किती बरे दिवस काढले, ते मोजायचं असतं. तिसऱ्या ते बाराव्या महिन्यात सरासरी वीस माणसं जास्तीची बरी होती असं धरलं, तर 20 गुणिले पाऊण वर्ष गुणिले 0.3, म्हणजे साडेचार क्वाली. आधीची 0.94 मिळवली की जवळपास 5.4. खर्च तोच 6,600 डॉलर. एक क्वाली सुमारे 1,200 डॉलरवर आली.

प्रत्यक्षात निकाल याहून चांगला लागला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डेव्हिड मॅकडेड आणि ए-ला पार्क या अभ्यासात होते. त्यांच्या हिशेबात इतर सेवांचा खर्चही होता. समुपदेशन धरूनसुद्धा त्या गटाचा आरोग्यव्यवस्थेवरचा वर्षाचा एकूण खर्च दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला. लाभ जास्त आणि खर्च कमी, अशा वेळी भागाकार करण्याची गरजच राहत नाही. माझ्या मते तीन महिन्यांचा आकडा चुकीचा नव्हता, अपुरा होता. नैराश्यावरच्या कोणत्याही कार्यक्रमाचा आर्थिक निकाल वर्षाच्या आत लावू नये, हे गोव्याने दाखवून दिलं आहे.

मग तीन महिन्यांच्या अभ्यासातही 9,333 डॉलर हा आकडा परवडणारा ठरवला गेला होता, तो कशाच्या आधारावर? इथे उंबरठा येतो. एका क्वालीसाठी समाज किती पैसे मोजायला तयार आहे, याची मर्यादा बऱ्याचदा दरडोई उत्पन्नाएवढी धरतात. भारत सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाचं तंत्रज्ञान मूल्यमापनाचं काम चालतं, तिथेही दरडोई उत्पन्न हाच मापदंड धरला जातो. गोव्याचं दरडोई उत्पन्न 16,060 आंतरराष्ट्रीय डॉलर होतं. 9,333 त्याखाली येतं. पण गोवा हे देशातल्या सर्वांत संपन्न राज्यांपैकी एक. त्याच सुमारास भारताची सरासरी याच मापात साडेपाच ते सहा हजारांच्या घरात होती. म्हणजे हाच कार्यक्रम, याच खर्चात, याच परिणामासह देशाच्या सरासरी उंबरठ्यावर आणला तर तीन महिन्यांच्या हिशेबात नापास होतो. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या उत्पन्नाला लावला तर आणखीच. गरीब जिल्ह्यातल्या माणसाच्या बऱ्या दिवसाचं मोल कमी धरायला लावणारी ही पद्धत मला मान्य नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्थतज्ज्ञांनीही 2016 साली दरडोई उत्पन्नाचा उंबरठा डोळे मिटून लावू नका, असं लिहून ठेवलं आहे. बारा महिन्यांच्या निकालाची खरी ताकद यातच आहे. जिथे खर्च कमी झाला आहे, तिथे उंबरठा कुठे ठेवायचा हा वाद मागे पडतो.

आंतरराष्ट्रीय डॉलर हा शब्द आला की सावध व्हावं. बँकेत मिळतो तो हा डॉलर नाही. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू येते तेवढी भारतात किती रुपयांना येते, त्यावरून हा डॉलर ठरतो. त्या काळात तो साधारण 17 ते 20 रुपयांचा होता, बाजारातला डॉलर 65 च्या आसपास. 9,333 ला 65 ने गुणलं तर सहा लाख रुपये होतात, आणि कोणताही विश्वस्त दचकेल. योग्य गुणाकार केला तर रक्कम दीड ते दोन लाखांच्या आसपास येते. प्रस्तावात डॉलर दिसला की तो कोणता आणि कोणत्या सालचा हे आधी विचारावं.

कोणताही एकटा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. 9,333 च्या दोन्ही बाजूंना संशोधकांनी मर्यादा दिल्या होत्या, 3,862 पासून 28,169 पर्यंत. एवढा पसारा का पडतो? खर्चाच्या आकडेवारीत बहुतेक लोकांचा खर्च थोडा असतो आणि दोन-चार जण दवाखान्यात भरती झालेले असतात. ते कोणत्या गटात पडले यावर सरासरी हलते. म्हणून संशोधक मूळ रुग्णांतूनच संगणकावर पुन्हा पुन्हा नवे नमुने काढतात, प्रत्येक वेळी हिशेब करतात आणि किती वेळा निकाल उंबरठ्याच्या आत आला ते मोजतात. तीन महिन्यांना उत्तर आलं 87 टक्के, बारा महिन्यांना 95 टक्के. पैसे देणाऱ्याने गुणोत्तराच्या शेजारी ही टक्केवारी मागितलीच पाहिजे. ज्या प्रस्तावात एकच नेटका आकडा आहे आणि मर्यादा नाहीत, तो आकडा कसा काढला ते बारकाईने विचारावं.

आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे तुलना कोणाशी केली. गोव्यातल्या दुसऱ्या गटाला ‘काहीच नाही’ असं मिळालं नव्हतं. त्यांच्या चाचणीचा निकाल डॉक्टरांना कळवला होता, उपचारांची मार्गदर्शक सूचनाही दिली होती. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत तेवढंही होत नाही. तुलनेचा परिणाम किती होतो ते संगतच्याच आधीच्या ‘मानस’ या अभ्यासात दिसलं होतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बारा सरकारी केंद्रं आणि बारा खाजगी दवाखाने होते. सरकारी केंद्रांत समुपदेशकांमुळे बरे होणाऱ्यांचं प्रमाण 42.5 वरून 65.9 टक्क्यांवर गेलं, आणि पुढच्या आर्थिक मूल्यमापनात तिथे पैसेही वाचले. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथे रुग्ण ओळखीच्या डॉक्टरांकडे येत होते आणि समुपदेशकाविनाही पुष्कळ जण बरे होत होते. गोवा एकच, समुपदेशनाची पद्धत एकच, पण जिथे आधीच बरं चाललं आहे तिथे घातलेला पैसा फारसं काही वाढवत नाही. तुमच्या जिल्ह्यात आज रुग्णाला काय मिळतं, हे माहीत नसताना गोव्याचं गुणोत्तर उचलून प्रस्तावात चिकटवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

आकडे दुसऱ्या ठिकाणी नेताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो समुपदेशकाकडे येणाऱ्या रुग्णांच्या संख्येचा. समजा पगार, प्रशिक्षण आणि देखरेख धरून एका समुपदेशकामागे वर्षाला 4 लाख रुपये लागतात. वर्षात 200 रुग्ण आले तर माणशी 2,000 रुपये. विरळ वस्तीच्या डोंगराळ तालुक्यात 60 च आले तर तोच खर्च 6,600 च्या वर जातो, आणि समुपदेशकाच्या कामात काहीच उणं नसतं. अशा वेळी खर्च कमी दाखवण्यासाठी पहिली कात्री लागते ती देखरेखीला, ध्वनिमुद्रणं ऐकून गुण देण्याला. कागदावर गुणोत्तर सुधारतं, पण ज्या परिणामावर ते उभं आहे तोच परिणाम मग मिळेल याची खात्री राहत नाही. रुग्ण शोधण्याचा खर्चही तसाच. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या प्रत्येकाला नऊ प्रश्न विचारले तर त्यातले थोडेच पात्र ठरतात, आणि विचारणाऱ्याचा पगार कोणाच्या खात्यात धरला हे प्रस्तावात स्पष्ट असायला हवं.

गोव्यातल्या या रुग्णांचा पाठपुरावा पुढेही झाला. बाळंतपणाच्या काळातल्या नैराश्यावरच्या दुसऱ्या एका चाचणीतल्या स्त्रियांसह चार-पाच वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं गेलं. अर्थशास्त्रज्ञांच्या या अभ्यासात उपचार मिळालेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण अजूनही 11 टक्के-अंकांनी कमी आढळलं. दोन कार्यक्रमांपैकी अधिक परिणामकारक ठरलेल्या कार्यक्रमाने पाच वर्षांत माणशी सरासरी नऊ महिन्यांचं नैराश्य टाळलं होतं. मात्र रोजगार वाढला नाही, घरातला खर्च करण्याचा आवाकाही वाढला नाही. त्या बहुतेक स्त्रिया होत्या, आणि बाई बरी झाली म्हणून तिला गावात काम मिळतंच असं नाही.

हे पैसे देणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं. मानसिक आरोग्यावर घातलेला रुपया उत्पादकतेतून चार रुपये होऊन परत येतो, अशा घोषणा प्रस्तावांत फार दिसतात. गोव्यातल्या पुराव्यावर तसा दावा उभा राहत नाही. तो पुरावा इतकं मात्र ठामपणे सांगतो की, थोड्या खर्चात माणसांचे महिनेच्या महिने नैराश्यातून सोडवता येतात, आणि वर्षभर मोजलं तर सरकारी आरोग्यव्यवस्थेवर त्याचा बोजा पडत नाही. मदतीसाठी एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

तुम्ही एखाद्या विश्वस्त मंडळावर, सीएसआर समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत असाल, तर मंजुरी देताना अंदाजपत्रकात दोन ओळी स्वतःहून घाला: एक बारा महिन्यांच्या पाठपुराव्यासाठी, दुसरी रुग्णांच्या इतर वैद्यकीय खर्चाची नोंद ठेवण्यासाठी. आणि देखरेखीच्या ओळीला कात्री लावू नका.